वॉशिंग मशीनला गिझरचं गरम पाणी जोडावं का? आधी बादली लावून मोजा, मग ठरवा

नवीन मशीन घरी आलं की बसवायला आलेला माणूस मागच्या बाजूचे दोन नळ दाखवतो. एकावर निळी खूण, दुसऱ्यावर लाल किंवा केशरी. मग ठरलेला प्रश्न येतो, "गरम लाईन पण जोडून देऊ का?" आपण विचार करतो की नळ दिलाय त्याअर्थी तो वापरायचाच असणार. शिवाय गिझर घरात आहेच, मग मशीनने पाणी वेगळं तापवायचं कशाला?

हा हिशेब वरवर बरोबर वाटतो आणि बहुतेक घरांत चुकतो. विजेच्या गिझरचं पाणी मशीनला दिलं म्हणून वीज वाचत नाही. अगदी उत्तम परिस्थितीत हिशेब बरोबरीत सुटतो, एरवी जास्तच वीज जाते. सोलरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही अटी आहेत. तुमचं घर कुठल्या गटात बसतं हे तासाभरात कळू शकतं. प्लंबरला बोलावण्याआधी ते करून घ्या.

पहिली पायरी: मशीनला स्वतःचा हिटर आहे का?

मशीनच्या मागे किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला एक छोटी पट्टी असते. तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. आकडा २००० च्या आसपास असेल तर आत पाणी तापवणारा हिटर आहे. तीनशे, चारशे, पाचशे असा काही असेल तर फक्त मोटर आणि पंप आहेत, पाणी तापवायची सोय नाही. फ्रंट लोड मशीनमध्ये हिटर जवळपास नेहमीच असतो, म्हणून त्यातल्या पुष्कळ मशीनना नळही एकच, थंडाचा असतो. दोन नळांची मशीन मुख्यतः टॉप लोडमध्ये दिसतात आणि त्यातल्या बऱ्याच मशीनना हिटर नसतो. हिटर असलेली टॉप लोडही मिळतात, म्हणून पट्टी वाचायचीच.

एक गोष्ट आताच सांगून टाकतो. तुमच्या मशीनला नळ एकच असेल, तर त्याला गरम लाईन जोडायचा विचार सोडून द्या. एकच नळ असल्यावर मशीन धुणं आणि खळबळणं दोन्हींसाठी त्याच नळातून पाणी घेतं. धुण्याला लागलं दहा-बारा लिटर आणि नंतरच्या खळबळण्यांना चाळीसभर लिटर, तर ते चाळीस लिटरही गिझरमधून जाणार. दोन नळांच्या मशीनमध्ये हे होत नाही. तिथे गरम नळ फक्त मुख्य धुण्याच्या वेळी उघडतो आणि खळबळणं थंड पाण्यात होतं.

दुसरी पायरी: पाइपात किती पाणी अडकलंय ते मोजा

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये मशीन ड्राय बाल्कनीत असतं आणि गिझर बाथरूममध्ये. दोघांमधला पाइप भिंतीत गाडलेला, स्वयंपाकघराला वळसा घालून आलेला. गिझर आणि मशीन भिंतीच्या दोन बाजूंना असले तरी पाइप आठ-दहा मीटरचा निघू शकतो, कारण बिल्डरने लाईन आपल्या सोयीने फिरवलेली असते.

या पाइपात कालपासून पडून राहिलेलं पाणी थंड झालेलं असतं. मशीनचा गरम नळ उघडला की आधी तेच आत येतं. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं, अर्धा इंचीत त्याच्या निम्मं. म्हणजे पाऊण इंची दहा मीटर पाइपात अडीच लिटर. शिवाय नळ बंद झाला की तेवढंच गरम पाणी पाइपात अडकतं आणि भिंतीला ऊब देत थंड होतं. एकाच धुण्यात आधी थंड पाणी मिळतं आणि नंतर गरम पाणी वाया जातं.

पाइप भिंतीत आहे, लांबी दिसत नाही, म्हणून अंदाज करत बसू नका. ड्राय बाल्कनीत गरम पॉइंट आधीच काढलेला असेल तर गिझर तापवा, त्या पॉइंटखाली बादली ठेवा, नळ पूर्ण उघडा आणि धारेखाली हात धरा. पाणी नीट गरम लागलं की नळ बंद करून बादलीतलं पाणी लिटरच्या मापाने मोजा. हा आकडा लिहून ठेवा, पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे. पॉइंट नसेल तर नवीन पाइप ज्या वाटेने जाईल ती वाट टेपने मोजा आणि वरच्या हिशेबाने लिटर काढा.

तिसरी पायरी: एक धुणं कागदावर मांडून बघा

हिशेबाला एकच सूत्र पुरतं: ८६० लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ युनिट वीज लागते. म्हणजे लिटर गुणिले अंश, भागिले ८६०.

कोथरूडमधला एक दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. बाथरूममध्ये १५ लिटरचा गिझर, थर्मोस्टॅट ६० अंशांवर. ड्राय बाल्कनीपर्यंत पाऊण इंची दहा मीटर पाइप. टाकीचं पाणी २५ अंश. मशीन फ्रंट लोड, दोन नळांचं, आत हिटर असलेलं. कपडे ४० अंशांवर धुवायचेत आणि मुख्य धुण्याला १२ लिटर पाणी लागतं. कपडे आणि ड्रम तापायलाही थोडी उष्णता जाते, पण ती दोन्हीकडे जवळपास सारखीच, म्हणून बाजूला ठेवू.

फक्त थंड नळ जोडला तर मशीनचा हिटर १२ लिटर पाणी १५ अंशांनी वर नेतो. १२ गुणिले १५ भागिले ८६०, म्हणजे ०.२१ युनिट. काम झालं.

आता गरम नळ जोडू. ६० आणि २५ अंशांचं पाणी मिसळून १२ लिटर ४० अंशांवर आणायला गरम पाणी साधारण ५ लिटर हवं. मशीन तेवढं घेतं, पण त्यातलं पहिलं अडीच लिटर पाइपातलं थंड. खरं गरम आलं ते अडीच लिटर. सगळं मिसळल्यावर ड्रममधलं पाणी ३२-३३ अंशांच्या आसपास राहतं. उरलेले सात-साडेसात अंश मशीनचा हिटर तापवतो, त्याला ०.१० युनिट. तिकडे गिझरमधून ५ लिटर गरम पाणी निघून गेलं, त्याची किंमत ०.२१ युनिट. एकूण ०.३१. नुसत्या थंड नळाच्या दीडपट.

आणि हे तेव्हा, जेव्हा गिझरमधलं बाकीचं पाणी लगेच कोणीतरी आंघोळीला वापरतं. दुपारी केवळ मशीनसाठी गिझर लावला तर पूर्ण १५ लिटर २५ पासून ६० पर्यंत तापतं, म्हणजे ०.६१ युनिट, वर मशीनचं ०.१०. एकूण ०.७१. तिपटीहून जास्त वीज, तेवढेच कपडे, तेवढीच स्वच्छता.

पाइप तीन मीटरचा आणि अर्धा इंची असता तर? अडकलेलं पाणी पाव-अर्धा लिटर, तोटा जवळपास संपतो आणि दोन्ही बाजू सारख्या होतात. सारख्या होतात, फायद्यात येत नाहीत. कारण मशीनचा हिटर बुडालेला असतो त्याच पाण्यात कपडे आहेत, विजेची उष्णता थेट तिथे उतरते. गिझरही हेच करतो, फक्त दुसऱ्या खोलीत. तिथून पाणी आणताना वाटेत काही सांडणारच. वाचला तर वेळ वाचतो: २००० वॅटच्या हिटरला हे १२ लिटर तापवायला सहा-सात मिनिटं लागतात, कपडे धरून दहा समजा. तेवढ्यासाठी भिंत फोडू नये असं माझं मत.

"आंघोळी झाल्यावर गिझरमध्ये पाणी उरतंच की, ते तरी मशीनला जाऊ दे," असं आमच्या सोसायटीतल्या एका काकांचं म्हणणं असतं. मुद्दा रास्त आहे. ते पाणी एरवी संध्याकाळपर्यंत निवणारच. शेवटच्या आंघोळीनंतर लगेच गिझर बंद करून मशीन लावलं तर हिटरची ०.११ युनिट वीज वाचते. युनिटला १० रुपये धरले तर धुण्यामागे एक रुपया. लाईन आधीच असेल तर अवश्य करा. नवीन लाईनवर अडीच हजार खर्चून हा रुपया कमवायचा असेल तर अडीच हजार धुणी व्हावी लागतील.

हिटर नसलेलं टॉप लोड असेल तर

इथे प्रश्नच बदलतो. या मशीनला गरम पाणी मिळण्याचा मार्ग एकच, तो लाल नळ. तो नसेल तर कपडे नळाच्या पाण्यात धुतले जातात आणि पाणी तापवायला शून्य युनिट लागतात. म्हणून विजेचा गिझर जोडल्यावर ऊर्जा वाचण्याचा संभव नाही, खर्च वाढतोच. मिळते ती स्वच्छता. ती तुम्हाला हवी आहे का, एवढंच ठरवायचं.

खर्च किती, तेही पाहू. सात किलोच्या टॉप लोडला एका भरणीला पन्नास लिटरच्या आसपास पाणी लागतं. ते २५ वरून ४० अंशांवर न्यायला ०.८७ युनिट. फ्रंट लोडच्या चौपट, कारण पाणीच चौपट. त्यासाठी ६० अंशांचं पाणी २१ लिटर हवं, म्हणजे १५ लिटरचा गिझर अपुराच पडतो. तो पूर्ण रिकामा झाला तरी टबात पाणी ३५ अंशांच्या आसपास येऊन थांबतं, आणि पाइपातलं थंड पाणी धरलं तर त्याहून खाली. पॅनेलवर 'वॉर्म' निवडलंय म्हणून पाणी ४० अंश असेल असं समजू नका. या मशीनमध्ये वॉर्म म्हणजे दोन्ही नळ उघडतात आणि हॉट म्हणजे फक्त गरमाचा. येणारं पाणी किती गरम आहे ते तुमच्या गिझरवर अवलंबून.

आपल्याकडे टाकीचं पाणी वर्षातले बरेच महिने २५ अंशांच्या वर असतं, एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची टाकी तर हात पोळेल इतकी तापते. रोजच्या धुळी-घामाच्या कपड्यांना ते पुरतं. गरम पाण्याचा खरा उपयोग तेलकट टॉवेल, स्वयंपाकघरातले कपडे, आजारी माणसाच्या चादरी आणि उशांचे अभ्रे यांना. धुळीतले बारीक किडे मारायचे तर ५५-६० अंश लागतात, कोमट पाण्याने ते मरत नाहीत. नाशिक-पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पाणी गार होतं, तेव्हा डिटर्जंट पावडर नीट विरघळत नाही आणि काळ्या कपड्यांवर पांढरे चट्टे राहतात. त्या दोन महिन्यांपुरता वॉर्म उपयोगी. रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग मात्र आधी थंड पाण्यातच काढा. गरम पाण्याने ते कापडात पक्के बसतात.

सोलर: इथे जोडण्यात अर्थ आहे

गच्चीवर स्वतःचं सोलर असेल, बंगला किंवा रो-हाउस असेल, टॉप लोड असेल, तर गरम नळ जरूर जोडा. उन्हाने तापलेलं पाणी फुकट आहे, आणि उन्हाळ्यात ते आंघोळीला लागतच नाही. फ्रंट लोडला ६० अंशांवर टॉवेल धुताना हिटरचा निम्म्याहून अधिक भार सोलर उचलू शकतो.

वेळेचं मात्र भान ठेवा. सकाळच्या आंघोळींनी टाकीतलं गरम पाणी संपतं आणि त्याच्या जागी थंड पाणी शिरतं. ते पुन्हा तापायला दुपार होते. मशीन दुपारी दोन-तीननंतर लावलं तर ऊन कामाला येतं. सकाळी सातला लावलं तर मशीन आणि घरातली माणसं एकाच पाण्यावर भांडणार, आणि बॅक-अप हिटर चालू असेल तर तुम्ही पुन्हा विजेचंच पाणी वापरताय.

दहा मजली सोसायटीच्या सामाईक सोलरबद्दल मी इतका उत्साही नाही. गच्चीवरून तिसऱ्या मजल्यापर्यंतचा पाइप मोठा असतो. पाणी फिरतं ठेवणारा पंप नसेल तर गरम धार येईपर्यंत बादली भरते. फ्रंट लोडला सगळं मिळून गरम पाणी हवं पाच-सात लिटर, म्हणजे मशीनला फक्त पाइपातलं थंड पाणीच मिळेल. बऱ्याच सोसायट्यांत सोलरचं पाणी सकाळचे दोन-तीन तासच सोडतात, तेही पाहून घ्या. मघाची बादलीची चाचणी इथे फार उपयोगाची: बादलीतलं थंड पाणी मशीनच्या गरम पाण्याच्या निम्म्याहून जास्त भरलं, तर जोडू नका.

सोलरचा दुसरा धोका जास्त तापण्याचा. मे महिन्यात टाकीतलं पाणी ७०-८० अंशांपर्यंत जाऊ शकतं. मशीनच्या पुस्तिकेत आत येणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा दिलेली असते, ती पुष्कळदा ६० अंश असते. त्याहून गरम पाण्याने नळी मऊ पडते, आतल्या व्हॉल्व्हचं रबर खराब होतं. म्हणून सोलर लाईनवर मशीनच्या आधी तापमान ठरवून थंड पाणी मिसळणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि तो ५०-५५ वर ठेवा.

हे दोन गिझर जोडूच नका

तीन लिटरचा इन्स्टंट गिझर मशीनच्या वेगाला पुरत नाही. मशीन मिनिटाला सहा लिटर पाणी ओढत असेल तर ३००० वॅटचा गिझर ते पाणी जेमतेम सात अंशांनी तापवतो. वीज पूर्ण जळते, पाणी कोमटही नाही.

गॅस गिझरचं कारण जास्त गंभीर आहे. मशीन नळ उघडतं, बंद करतं, पुन्हा उघडतं, आणि प्रत्येक वेळी गिझर आपोआप पेटतो. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने माणसं दगावली आहेत. कोणी आंघोळ करत असताना बाहेरचं मशीन गिझर पेटवत राहील अशी जोडणी कितीही सोयीची वाटली तरी नको.

जोडायचं ठरलं तर

प्लंबरकडून गरम लाईनला वेगळा अँगल कॉक लावून घ्या, म्हणजे मशीन काम करत नसताना तो बंद ठेवता येतो. दोन्ही लाईनवर एकेक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवा. मशीनच्या आतला व्हॉल्व्ह जीर्ण झाला तर गरम पाणी थंड लाईनमध्ये शिरतं, किंवा उलट. बेसिनच्या थंड नळाला कोमट पाणी येऊ लागलं की हेच झालंय समजा.

नळी लावण्याआधी गरम लाईन दोन मिनिटं बादलीत सोडून द्या. पाणी जड असेल, म्हणजे बोअरचं किंवा टँकरचं, तर गिझरच्या तळाला साठलेल्या क्षाराच्या पांढऱ्या खपल्या बाहेर येतात. त्या मशीनच्या गरम नळातल्या छोट्या जाळीत अडकतात. जाळी पक्कडने हळूच ओढून काढता येते, ब्रशने धुऊन परत बसवायची. गरम बाजूची जाळी थंडाच्या आधी तुंबते. पाणी भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला की पहिलं तिथे बघा.

लाल नळी लाल खुणेला, निळी निळ्याला. उलटं झालं तर थंड निवडल्यावर गरम पाणी येतं आणि खळबळणंही गरमात होतं. ओळखायला सोपं: वॉर्म नाही, हॉट निवडून मशीन लावा आणि मिनिटाभराने दोन्ही नळ्यांना हात लावा. पाणी वाहतंय ती नळी लालच असली पाहिजे.

गरम लाईन जोडायची नसेल तर

लाल नळ मोकळा ठेवून कामाला लागू नका. चुकून कोणी वॉर्म निवडलं तर मशीन गरम पाण्याची वाट बघत थांबतं आणि स्क्रीनवर पाणी येत नसल्याची खूण दाखवतं. एलजीच्या मशीनवर `IE`, सॅमसंगच्या बऱ्याच मशीनवर `4C`. लोक मेकॅनिक बोलावतात आणि तो येऊन नळीकडे बोट दाखवतो. त्यापेक्षा थंड लाईनवर वाय जोड लावून दोन्ही नळांना थंड पाणी द्या. मशीनसोबत हा जोड कधी येतो, कधी नाही, नाही आला तर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आत हिटर असेल तर तो पाणी तापवेल, नसेल तर कपडे थंडात धुतले जातील, पण मशीन अडणार नाही. फक्त हिटर असलेल्या मशीनला वाय चालतो का, ते पुस्तिकेत एकदा बघून घ्या. काही मशीनमध्ये एकाच नळाला पाणी देऊन दुसऱ्याला टोपण लावायला सांगितलेलं असतं, आणि ते टोपण डब्यातच मिळतं.